आयर्निंग करूनही थ्रीडी प्रिंटचा माथा खडबडीत येतो: तपासणी कुठून सुरू करायची

नेमप्लेट, डब्याचं झाकण, ट्रॉफीचा चौथरा, स्विचबोर्डचं कव्हर. वरचा भाग सपाट आणि नजरेसमोर राहणारा. स्लायसरमध्ये आयर्निंग, म्हणजे माथ्यावरून गरम नोझल पुन्हा फिरवणारी इस्त्री, चालू केलं, प्रिंटचा वेळ तासभराने वाढला, आणि बेडवरून उतरवून बघितलं तर साधा प्रिंट यापेक्षा बरा आला असता. माझ्याकडे अशा पाट्या सारख्या येतात आणि सोबत एकच प्रश्न येतो: नोझल बदलू का? बहुतेक वेळा नोझलचा काही संबंध नसतो.

पुढचं सगळं पीएलए, 0.4 चं नोझल आणि 0.2 मिलिमीटरचा थर धरून लिहिलं आहे. सेटिंगची नावं मुख्यतः PrusaSlicer मधली आहेत. Cura आणि OrcaSlicer मध्ये नावं थोडी वेगळी दिसतील, पण अर्थ तोच.

## लक्षणं

तुमच्या तुकड्यावर यातलं काय दिसतं ते आधी नीट बघा. खिडकीशी नेऊन प्रकाश तिरपा पडेल असा धरा, आणि रेषांना आडवं नख फिरवा.

- बारीक खड्डे किंवा भोकं तशीच राहिली आहेत, फक्त त्यांच्या कडा गुळगुळीत झाल्या आहेत.
- पृष्ठभाग मधे ठीक आहे, पण कडेला प्लास्टिकची उभी धार आली आहे.
- नोझलने नांगरल्यासारखे चर आणि त्यांच्या बाजूला उंचवटे.
- एका कोपऱ्यात छान चमक, आणि दुसऱ्या कोपऱ्याकडे जाताना ती कमी होत कोरडी, खरखरीत होते.
- एकच कोपरा ओरबाडलेला.
- पांढऱ्या किंवा फिक्या रंगावर तपकिरी ठिपके.
- आयर्निंग झाल्यानंतर छापलेले थर, म्हणजे वर उठलेली अक्षरं वगैरे, बारीक, तुटक किंवा ठिसूळ.
- घुमटासारख्या आकारावर नकाशातल्या समोच्च रेषांसारखे चमकदार पट्टे.

चौथं आणि सातवं लक्षण एकत्र दिसत असेल तर दोष जवळपास नक्कीच एका ठिकाणी आहे. त्यावर पुढे सविस्तर लिहिलं आहे. तरीही मधल्या तपासण्या गाळू नका, कारण त्यांना वेळही कमी लागतो आणि खर्चही होत नाही.

## पहिली तपासणी: आयर्निंग बंद करून तोच माथा छापा

यासाठी पूर्ण वस्तू लागत नाही. 40 बाय 40 मिलिमीटरचा, 3 मिलिमीटर जाडीचा चौकोन पुरे. मूळ वस्तूचीच सेटिंग ठेवा, फक्त `Enable ironing` ची खूण काढा.

हे आधी का, ते समजायला आयर्निंग काय करतं ते आकड्यात बघू. नोझल त्याच उंचीवर, नुकत्याच टाकलेल्या थरावरून पुन्हा फिरतं. ओळी अगदी जवळजवळ असतात, दोन ओळींत 0.1 मिलिमीटर अंतर, आणि फिरताना अगदी थोडं प्लास्टिक सोडलं जातं. PrusaSlicer मध्ये प्रवाह 15 टक्के असतो. म्हणजे 0.2 मिलिमीटरच्या थराला 0.03 मिलिमीटर जाडीचा लेप. इतक्या लेपात दोन ओळींमधली घळ बुजते. त्याखाली पोकळी असेल, ओळी एकमेकींना चिकटल्याच नसतील, किंवा थर आधीच वर आलेला असेल, तर 0.03 मिलिमीटरने काही होत नाही. खालचा गिलावा उठलेला असताना वरून कितीही ऑइल पेंट मारला तरी भिंत सपाट होत नाही, तसंच आहे हे.

म्हणून साधा चौकोन बघायचा. तो एकसारखा असेल, ओळी दिसत असल्या तरी भोकं नसतील, आणि नख फिरवल्यावर सगळीकडे सारखी खरखर लागत असेल, तर खालचं काम ठीक आहे आणि दोष आयर्निंगमध्ये शोधायचा. तो चौकोनच वाईट असेल तर आयर्निंगच्या सेटिंगला अजून हात लावायचा नाही.

## साधा चौकोनच वाईट असेल तर

भोकं किंवा फुगे दिसतात. वरचे भरीव थर कमी आहेत किंवा खालचं इन्फिल विरळ आहे. पहिला भरीव थर इन्फिलच्या मोकळ्या जागेवरून पुलासारखा ओढला जातो आणि मधे लोंबतो. त्यावरचा थर थोडा सावरतो आणि त्यावरचा आणखी थोडा. 0.2 च्या थराला `Top solid layers` 3 वर असेल तर सावरायला जागाच उरत नाही. 5 करा, म्हणजे वर 1 मिलिमीटर भरीव होतं. इन्फिल 10 टक्क्यांच्या खाली असेल तर 15 ते 20 करा. 0.1 च्या थराने छापताना बरेच जण थरांची संख्या तीच ठेवतात. मग जाडी निम्मी होते आणि भोकं पडतात. मोजायची असते जाडी. पीएलएला शेवटच्या थरांवर पंखा पूर्ण वेगाने चालू आहे ना, तेही बघा.

ओळींमध्ये फटी आहेत किंवा उलट ओळी एकमेकींवर चढल्या आहेत. प्रवाह चुकला आहे. चढलेल्या ओळी आयर्निंगला जास्त घातक असतात. नोझल त्याच उंचीवरून फिरतं, त्यामुळे वर आलेलं जास्तीचं प्लास्टिक ते पुढे ढकलत नेतं. त्यातून चर पडतात आणि सगळं कडेला जमून धार तयार होते. `Extrusion multiplier` दोन-दोन टक्क्यांनी कमी करत तोच चौकोन छापा. फटी दिसायला लागल्या की एक पायरी मागे या. OrcaSlicer मध्ये फक्त वरच्या थरासाठी `Top surface flow ratio` वेगळं देता येतं, तिथे हे काम जास्त सोपं आहे.

पृष्ठभाग सपाट आहे, पण ठिगळं दिसतात. ओळी सगळ्या एकाच क्रमाने टाकल्या जात नाहीत. काही भाग डावीकडून उजवीकडे भरला जातो, काही उलट, आणि प्रकाश दोन्हीकडून वेगळा परततो. `Top fill pattern` मध्ये `Monotonic` निवडा. Cura मध्ये त्यासाठी `Monotonic Top/Bottom Order` आहे. मला विचाराल तर निम्म्या लोकांना आयर्निंगची गरजच या एका सेटिंगने संपते. यात प्रिंटचा वेळही फारसा वाढत नाही.

फट्फट् आवाज येतो, पृष्ठभागावर बारीक बुडबुडे आहेत. फिलामेंटने ओल धरली आहे. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर उघडी ठेवलेली रीळ अशीच वागते. पीएलए 45 ते 50 अंशांवर चार-सहा तास वाळवून पुन्हा छापा.

## दुसरी तपासणी: प्रिव्ह्यूत आयर्निंग नेमकं कुठे होतंय

साधा चौकोन चांगला आला, आता आयर्निंग चालू करा आणि छापण्याआधी स्लाइस केलेलं मॉडेल थरागणिक बघा. आयर्निंगचा रंग वेगळा असतो. हे बघायला दोन मिनिटं लागतात, तरी कोणी बघत नाही.

`Ironing Type` मध्ये तीन पर्याय आहेत. `All top surfaces` म्हणजे ज्याच्यावर काही नाही असा प्रत्येक भाग, मग तो कुठल्याही उंचीवर असो. `Topmost surface only` म्हणजे वस्तूचा अगदी शेवटचा थर, बस. `All solid surfaces` म्हणजे आतले भरीव थरसुद्धा. दिसण्यासाठी तिसऱ्याचा काही उपयोग नाही.

गोंधळ पहिल्या दोघांत होतो. उठलेल्या अक्षरांची नेमप्लेट घ्या. `Topmost surface only` निवडलं तर फक्त अक्षरांचे माथे इस्त्री होतात आणि जी पाटी गुळगुळीत हवी होती ती तशीच राहते, कारण पाटीचा पृष्ठभाग सगळ्यात वरचा नाही. `All top surfaces` निवडलं तर पाटीही होते आणि अक्षरंही होतात, आणि अक्षरं बिघडतात. मराठी अक्षरांत हे जास्त जाणवतं. अनुस्वाराचा ठिपका जेमतेम तीन मिलिमीटरचा. त्यावर गरम नोझल इवल्याशा जागेत मागे-पुढे फिरत राहतं, ठिपक्याला थंड व्हायला वेळ मिळत नाही, तो मऊ होतो आणि नोझलबरोबर एका बाजूला सरकतो. वेलांटीच्या टोकाचंही तेच. शिरोरेषा लांब आणि सलग, म्हणून ती तेवढी बरी येते.

उपाय असा की अक्षरं मॉडेलमध्ये वेगळा भाग म्हणून ठेवायची, उजव्या बाजूच्या यादीत तो भाग निवडून त्याच्यापुरतं आयर्निंग बंद करायचं, आणि पाटीसाठी `All top surfaces` ठेवायचं. अक्षरं पाटीतच मिसळलेली असतील तर अक्षरांच्या उंचीत एक मॉडिफायर ठोकळा टाकून त्यात आयर्निंग बंद केलं तरी चालतं.

घुमट, गोटा, उतरतं झाकण अशा वस्तूंवर `All top surfaces` ठेवलं की प्रत्येक पायरीची अरुंद कड हा वरचा पृष्ठभाग ठरतो आणि तीही इस्त्री होते. समोच्च रेषांचे पट्टे येतात ते यातून. तिथे `Topmost surface only` ठेवा, नाहीतर सरळ बंद करा.

## तिसरी तपासणी: नोझलचं तोंड

इस्त्रीचं काम भोकाभोवतीचा सपाट पितळी भाग करतो. तो जेमतेम एक मिलिमीटर रुंद असतो. त्यावर जुनं, करपलेलं प्लास्टिक बसलं असेल तर ते गरम होऊन थोडं थोडं माथ्यावर उतरतं. तपकिरी ठिपके त्याचेच. एरवीच्या छपाईत नोझल थरावरून पुढे निघून जातं, त्यामुळे हा मळ नजरेत येत नाही. आयर्निंगमध्ये मात्र तेच तोंड एकेका जागेवरून अनेकदा जातं.

नोझल 200 अंशांपर्यंत तापवा, मग प्रिंटरची वीज बंद करा आणि लगेच पितळी ब्रशने तोंड साफ करा. वीज बंद करण्याचं कारण असं की पितळी ब्रशचे केस हीटरच्या किंवा तापमान मोजणाऱ्या सेन्सरच्या तारांना टेकले तर शॉर्ट होऊ शकतं. सिलिकॉनचं मोजं फाटलं असेल तर बदला, त्याच्या आतून प्लास्टिक गळत राहतं.

एकच कोपरा ओरबाडलेला असेल तर नोझलकडे न बघता वस्तू उलटी करा. तो कोपरा बेडवरून उचलला गेला होता का? तळाकडून जरा जरी वर आला असेल तरी आयर्निंगच्या वेळी नोझल त्याच्यात रुततं. तिथे दुरुस्ती बेडच्या चिकटपणाची करायची, बेड साबणाच्या पाण्याने धुवायचा किंवा ब्रिम द्यायचा.

साफ नोझलनेही सगळ्या माथ्यावर एकसारखे ओरखडे येत असतील तर नोझल खरंच झिजलेलं असू शकतं, विशेषतः कार्बन फायबर किंवा अंधारात चमकणारं फिलामेंट त्यातून गेलं असेल तर. पितळी नोझल स्वस्त आहे, पण ही पाळी इथे येते, सुरुवातीला नाही.

## चौथी तपासणी: प्रवाह, वेग, अंतर

एका वेळी एकच आकडा बदलायचा. 30 बाय 30 चे चार चौकोन एकाच प्लेटवर ठेवा आणि प्रत्येकाला वेगळा `Flow rate` द्या: 10, 15, 20, 25. अंतर 0.1 आणि वेग 15 तसेच ठेवा.

कमी प्रवाहाच्या चौकोनात मूळ ओळी अजून जाणवतात, कारण घळी भरायला माल पुरला नाही. जास्त प्रवाहाच्या चौकोनात कडेला धार येते किंवा मधे बारीक लाटा येतात. दोघांच्या मधला घ्यायचा. दोन शेजारचे चौकोन सारखेच वाटले तर मी जास्त प्रवाहाचा घेतो. त्याचं कारण पुढच्या तपासणीत आहे.

सगळ्या चौकोनांवर धार येत असेल तर दोन शक्यता आहेत. एकतर मूळ थराचा प्रवाह जास्त आहे, म्हणजे पुन्हा पहिल्या तपासणीकडे. नाहीतर इस्त्री अगदी कडेपर्यंत जाते आहे. Cura मध्ये `Ironing Inset` वाढवून ती कडेपासून आत ठेवता येते, OrcaSlicer मध्येही तशी सोय आहे.

## पाचवी तपासणी: चाचणी झकास, मोठी पाटी फसते

आता ते चौथं आणि सातवं लक्षण. लोक सगळ्यात जास्त इथेच अडकतात, कारण छोटा चौकोन देखणा येतो आणि तीच सेटिंग मोठ्या पाटीवर कोलमडते. मग बेड वाकडा आहे, फिलामेंट खराब आहे, असे तर्क सुरू होतात.

एक नेमप्लेट घेऊन हिशेब करू. पाटी 150 बाय 80 मिलिमीटर, वर दुसऱ्या रंगाची अक्षरं, पाटी संपली की `M600` ने फिलामेंट बदलायचं. अक्षरांची जागा तूर्त सोडून देऊ. पृष्ठभाग 12,000 चौरस मिलिमीटर. दर 0.1 मिलिमीटरला एक ओळ म्हणजे नोझलला 1,20,000 मिलिमीटर चालायचं आहे. सेकंदाला 15 मिलिमीटर या वेगाने त्याला सव्वादोन तास लागतात.

या सव्वादोन तासांत प्लास्टिक किती जातं? 12,000 गुणिले 0.03, म्हणजे 360 घन मिलिमीटर. 1.75 मिलिमीटरच्या फिलामेंटचं ते सुमारे 15 सेंटिमीटर भरतं. म्हणजे मिनिटाला मिलिमीटरभर. नेहमीच्या छपाईत, 0.45 रुंदीची ओळ सेकंदाला 50 मिलिमीटर वेगाने टाकताना, साधारण शंभरपट वेगाने फिलामेंट खाली सरकत असतं.

याचा परिणाम हॉटएंडच्या वरच्या भागात होतो. तिथे फिलामेंट कडक राहायला हवं, तरच ते पिस्टनसारखं खालच्या वितळलेल्या मालाला ढकलेल. ते कडक राहण्यात बाजूच्या छोट्या पंख्याचा वाटा असतो, तसाच वरून येणाऱ्या थंड फिलामेंटचाही, कारण ते उष्णता सोबत घेऊन खाली जातं. मिनिटाला मिलिमीटर या गतीने ते जवळपास उभंच असतं. उष्णता वर चढते. पीएलए 60 अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं. फिलामेंट नळीत फुगतं, भिंतीला घासतं आणि पुढे जायला कुरकुर करतं. लेप आधी पातळ होतो, मग थांबतो. कोरडं नोझल नुसतं घासत राहतं. एका कोपऱ्यात चमक आणि दुसऱ्या कोपऱ्यात खरखर येते ती अशी.

30 बाय 30 च्या चौकोनाला हीच इस्त्री दहा मिनिटांत होते. दहा मिनिटांत उष्णता तेवढी चढत नाही, म्हणून चाचणीत हा दोष दिसतच नाही.

मे महिना, बंद कॅबिनेट आणि बेड 60 अंशांवर असेल तर आतली हवाच चाळिशीच्या पुढे सहज जाते. नागपूर-अकोल्याकडचे लोक उन्हाळ्यात ही तक्रार जास्त घेऊन येतात आणि थंडीत तोच प्रिंटर निमूट चालतो, त्यात नवल नाही.

ओळखायचं कसं? इस्त्री संपून `M600` ला फिलामेंट बाहेर काढताना ते अडकत येतं. बाहेर आलेलं टोक हातात घेऊन बघा. साधारणपणे टोक निमुळतं असतं आणि त्यामागे फिलामेंट सरळ गोल असतं. इथे टोकाच्या जरा मागे एक जाड फुगवटा दिसतो, बोट फिरवलं तरी लागतो. त्याच्या वर एक्सट्रूडरच्या दात्यांनी एकाच जागी कुरतडल्याची पांढुरकी खाच असते. हे दिसलं की शंका राहत नाही. त्यानंतर घातलेल्या दुसऱ्या रंगाची पहिली अक्षरं तुटक येतात ती अर्धवट तुंबलेल्या नळीमुळे. लोक दोष देतात दुसऱ्या रंगाच्या रिळाला.

त्या पाटीवर जे करायचं ते असं. कॅबिनेटचं दार उघडं ठेवा आणि वरचं झाकण काढा. पहिल्या थरानंतर बेड 50 अंशांवर आणा. हॉटएंडचा छोटा पंखा अडखळत नाही ना, त्यात धुळीचा गोळा नाही ना, ते बघा. मग सेटिंग बदला: प्रवाह 20 टक्के, अंतर 0.15, वेग 30. लेप आता 0.04 मिलिमीटरचा झाला, चालायचं अंतर 80,000 मिलिमीटर, वेळ पाऊण तास, फिलामेंट 20 सेंटिमीटर. मिनिटाला साडेचार मिलिमीटर, म्हणजे आधीच्या चौपट. अंतर वाढवल्याने चमक किंचित कमी होते. पण पाटी या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखी येते, आणि नेमप्लेटला तेच हवं असतं. 20 टक्क्यांना कडेला धार आली तर मूळ थराचा प्रवाह एक-दोन टक्के उतरवा, इस्त्रीचा प्रवाह मात्र कमी करू नका.

नळी आधीच तुंबली असेल तर कोल्ड पुल करा. नोझल 200 अंशांवर नेऊन हाताने थोडं फिलामेंट ढकला, मग 90 पर्यंत थंड होऊ द्या आणि एका दमात सरळ वर ओढा. टोकाला नोझलच्या आतल्या आकाराचा साचा उमटलेला दिसला की काम झालं.

## जिथे आयर्निंग मुळातच करू नये

वस्तू उलटी छापता येते का, हा विचार सगळ्यात आधी. अक्षरं कोरलेली असतील किंवा माथा साफ सपाट असेल तर तो भाग बेडला लावून छापा. गुळगुळीत पीईआय किंवा काचेवरून जो पृष्ठभाग निघतो त्याची बरोबरी इस्त्री करत नाही, आणि त्याला जादा वेळही लागत नाही.

पीईटीजी नोझलला चिकटतं, इस्त्रीत त्याचे गोळे जमतात, करपतात आणि माथ्यावर पडतात. अगदीच हवं असेल तर छोट्या भागापुरतं करा. टीपीयूला करूच नका. लवचिक फिलामेंट इतक्या सूक्ष्म प्रवाहात कधी दबतं, कधी उसळतं, लेप एकसारखा पडत नाही. लाकडाचा भुसा मिसळलेल्या फिलामेंटचा पोत इस्त्रीत जातो. मॅट पीएलएवर चमकदार डाग पडतात. सिल्क पीएलएची ओळींमुळे दिसणारी रेशमी झाक सपाट, निस्तेज होते.

माथ्यावर पुढे रंग किंवा गोंद लावायचा असेल तर थोडी खरखर उपयोगाचीच असते, तिथे इस्त्री कशाला. आणि वीसएक चौरस मिलिमीटरपेक्षा लहान माथ्यांवर जवळपास दर वेळी नुकसानच होतं. अनुस्वाराचं उदाहरण वर आलंच आहे.

## थांबायचं कुठे

वरच्या सगळ्या तपासण्या केल्या, कोल्ड पुल दोनदा केला आणि तरी अर्ध्या पाटीनंतर लेप थांबतो, तर दोष हॉटएंडच्या जोडणीत आहे. नळी आणि नोझल यांच्यात फट राहिली असेल किंवा हीटब्रेकला थर्मल पेस्ट नसेल. हॉटएंड उघडायची सवय असेल तर करा. पण नोझल सोडवताना आणि घट्ट करताना ते गरम असावं लागतं, दुसऱ्या पान्याने हीटर ब्लॉक धरावा लागतो, आणि जोर जास्त झाला तर हीटब्रेक तुटतो. कधी केलं नसेल तर मेकॅनिककडे द्या. हॉटएंड मोडला तर दुरुस्तीच्या मजुरीपेक्षा खर्च जास्त येतो.

पुढच्या गोष्टींत मात्र सवय असली तरी स्वतः हात घालू नका. नोझलचं तापमान स्क्रीनवर पाच-दहा अंशांनी उड्या मारतं. हीटरची किंवा सेन्सरची तार सोलवटलेली किंवा काळी पडलेली दिसते. जळका वास येतो. वितळलेल्या प्लास्टिकचा गोळा वर चढून तारांसकट हीटर ब्लॉक गिळून बसला आहे. पॉवर सप्लायचा पंखा घरघरतो, किंवा बेडला थेट 230 व्होल्ट जातात आणि त्याची वायर सैल आहे. अशा वेळी प्लगमधून पिन काढा आणि प्रिंटर पुन्हा चालू करून बघू नका. वॉरंटी शिल्लक असेल तर स्क्रूही खोलू नका, विकणाऱ्याला आधी कळवा.

मेकॅनिककडे जाताना तीन गोष्टी सोबत न्या: बिघडलेली पाटी, आयर्निंगशिवाय छापलेला तो साधा चौकोन, आणि बाहेर ओढून काढलेलं फिलामेंटचं टोक. स्लायसरची प्रोजेक्ट फाइल पेन ड्राइव्हवर दिलीत तर त्याला सेटिंग विचारत बसावं लागणार नाही.